महिन्यातून दोनदा, पाऊण तास

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या बैठका पनवेलच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात होतात. दुकान आमच्या सचिवांचं. बैठक चालू असताना गिऱ्हाईक आलं की ते उठतात, त्याला खुर्चीत बसवतात, एक डोळा झाकून समोरची अक्षरं वाचायला लावतात आणि परत येऊन विचारतात, "हं, कुठे होतो आपण?" आपण कुठे होतो हे मला नेहमी आठवायचं. त्यामुळे बैठकीत काय ठरलं ते लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि पुढे लिहायचं सगळंच काम माझ्याकडे आलं. मीही तक्रार केली नाही. कामोठ्याहून रिक्षा करून कुठेतरी जायला मिळतंय, हे मला पुरेसं होतं.

त्या वर्षी संघाने मेंटॉर योजना काढायची ठरवली. शिकून नोकरीधंद्याला लागलेल्यांनी मागून येणाऱ्यांशी बोलायचं, त्यांच्या शंका ऐकायच्या, आपण कुठे अडखळलो ते सांगायचं. मार्गदर्शन करणारा तो मेंटॉर आणि घेणारा तो मेंटी. "मेंटी" हा शब्द मला एखाद्या गोळीच्या नावासारखा वाटला, पण मुलांना तोच कळतो म्हटल्यावर मी गप्प बसले.

आवाहनाचा पहिला मसुदा सचिवांनी स्वतःच लिहिला होता. त्यात ज्ञानाचा दीप होता, समाजाचं ऋण होतं आणि "अनुभवी मान्यवरांनी आपला अमूल्य वेळ द्यावा" अशी विनंती होती.

"अमूल्य म्हणजे किती तास?" मी विचारलं.

"म्हणजे काय, ज्याला जसं जमेल तसं."

"मग कोणालाच जमणार नाही."

हे मी उगाच बोलले नव्हते. आपल्याकडे "कधीही हाक मारा" म्हणणारा माणूस हाकेला कधीच येत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला फक्त कोणी वार आणि वेळ विचारलेली नसते. मी वार आणि वेळ विचारायची ठरवली. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर बसले आणि नवा मजकूर लिहून काढला. योजना सहा महिन्यांची. महिन्यातून दोनदा बोलायचं, एका वेळी पाऊण तास. पहिली भेट समोरासमोर, कॉलेजच्या वाचनालयात, पुढच्या फोनवर किंवा व्हिडिओवर चालतील. मधल्या काळात मेसेज केला तर लगेच उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही. नोकरी लावून द्या म्हणायचं नाही, लावून देतो म्हणायचं नाही. एकमेकांना नावाने हाक मारायची. एका मेंटॉरकडे दोनच मेंटी.

जुळवणी कशी होणार हेही मी स्पष्ट लिहिलं, कारण लोकांना खरी धास्ती तिचीच असते. कोणाच्या गळ्यात कोण पडणार, ही. सचिव आणि कॉलेजचे दोन प्राध्यापक सगळे अर्ज वाचणार. आधी बघायचं की विचारणाऱ्याला जे विचारायचंय ते सांगणाऱ्याला ठाऊक आहे का. मग दोघांच्या सोयीची वेळ, मग भाषा. दोघांनाही एकमेकांबद्दल चार ओळी पाठवायच्या आणि दोघंही हो म्हणाले तरच फोन नंबर द्यायचे. पहिल्या दोन आठवड्यांत कोणालाही पटलं नाही तर कारण न देता सांगता येईल, पुन्हा जुळवणी होईल. आणि ज्याच्यासाठी मेंटॉर मिळाला नाही त्याला तसं सरळ कळवायचं, ताटकळत ठेवायचं नाही.

शेवटी दोन गोष्टी मी माझ्या मनाने घातल्या. एक म्हणजे पहिल्या भेटीत मेंटॉरने स्वतःचं काही सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा: "सहा महिन्यांनी तुमच्या दिवसात काय वेगळं असावं असं तुम्हाला वाटतं?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. दुसरी गोष्ट मेंटी कोण होऊ शकतो या ओळीत होती. सचिवांनी तिथे "चालू विद्यार्थी" लिहिलं होतं. मी लिहिलं, "चालू विद्यार्थी किंवा कोणत्याही वर्षाचा माजी विद्यार्थी."

ती ओळ लिहिताना माझा हात जरा थांबला होता. नवरा समोर बसून पेपर वाचत होता. तो म्हणाला, "काय गं, एवढं काय लिहितेस? लग्नाची पत्रिका आहे का?" मी म्हटलं, हो, तसंच समज. ती ओळ मी माझ्यासाठी लिहीत होते, हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.

मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले, आणि तळोज्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काम केलं. तयार झालेला माल बाहेर जाण्याआधी तो ठरल्याप्रमाणे आहे का, हे तपासायचं काम. मला ते काम फार आवडायचं. सकाळी पांढरा कोट चढवला की मी कोणाची सून नव्हते, कोणाची बायको नव्हते, ब्युरेटच्या काचनळीतून पडणाऱ्या थेंबाकडे बघणारी एक बाई होते. मग मुलगा झाला, तो मोठा होतोय तोवर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, आणि वर्षं कशी गेली ते कळलं नाही. सासूबाईंचं मी मनापासून केलं, त्याचा पश्चात्ताप नाही. त्यांनाही माझ्याशिवाय कोणाच्या हातचं पाणी चालायचं नाही. मुलगा पहिलीत असताना शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत डॉक्टर झाला, तेव्हा मी माझ्या कोटाच्या बाह्या कापून त्याला तो बेतून दिला. त्याला बक्षीसही मिळालं. त्या आनंदात मला कोटाचं वाईट वाटलं नाही. ते वाईट वाटणं पुष्कळ उशिरा आलं, सासूबाई गेल्यावर, घरात माझी वाट बघणारं कोणी उरलं नाही तेव्हा.

मला पुन्हा प्रयोगशाळेत जायचं होतं. पण वयाची पन्नाशी ओलांडलेल्या बाईने हे कोणाला विचारायचं? ओळखीच्यांना विचारलं तर म्हणतात, "आता कशाला, आता मजा करा." जणू मजा कशात आहे हे त्यांनाच ठाऊक. म्हणून मी योजनेचा फॉर्म भरला. मेंटॉर की मेंटी या प्रश्नाला मेंटीवर खूण केली आणि खाली लिहिलं की मोठ्या खंडानंतर प्रयोगशाळेच्या कामात परतता येईल का, आणि येणार असेल तर काय शिकावं लागेल, हे जाणून घ्यायचं आहे. जुळवणीच्या बैठकीला मी गेले नाही. अर्ज माझा असताना मीच तो वाचत बसणं बरं दिसलं नसतं.

आठवड्याने सचिवांचा मेसेज आला. "अभिनंदन! आपली जुळवणी झाली आहे. आपली मेंटी: बीएस्सी रसायनशास्त्र, शेवटचं वर्ष, राहणार ओवे."

मी तो मेसेज तीनदा वाचला. मग फोन लावला.

"अहो, तुम्ही चुकून मेंटीचं बटण दाबलं होतं," सचिव म्हणाले. "यादीत सगळी विशीतली मुलं आणि मध्येच तुम्ही. मी म्हटलं, ताईंचा हात चुकला असणार. खालचं वाचायच्या आधीच मी दुरुस्त करून टाकलं."

मला राग आला. मला राग आला की माझी जीभ फार सरळ होते, आणि त्या क्षणी त्यांनी बरंच ऐकलं असतं. पण त्यांच्या आवाजात इतका आदर होता की बोलायला जागाच मिळेना. "बरं," एवढंच म्हणून मी फोन ठेवला आणि मुलीबद्दलच्या चार ओळी उघडल्या. नाही म्हणायचा अधिकार होता आणि तो मीच लिहिला होता. नाही म्हणण्यासाठीच त्या ओळी वाचायला घेतल्या.

तिने लिहिलं होतं: "माझ्या घरी कोणी पदवीपर्यंत शिकलेलं नाही. लॅबमध्ये काम करतात म्हणजे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत नक्की काय करतात, ते कोणी सांगेल का?"

हे मला सांगता येत होतं. जगात दुसरं काही येवो न येवो, हे येत होतं. मी हो कळवलं, आणि त्या दिवशी स्वयंपाक करताना उगाचच रडले.

पहिल्या भेटीला मुलगी एकटी आली नाही, तिची आईही आली. आई अंगाने भक्कम, हातात जाड बांगड्या, आणि वाचनालयातल्या शांततेचा तिच्यावर काडीचा परिणाम नाही. त्यांचा वाळू-सिमेंट पुरवायचा धंदा होता आणि मोठा मुलगा तो बघायचा. मुलीने पुढे शिकू नये असं कोणी म्हणत नव्हतं, पण कशासाठी शिकायचं हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

"पोरीशी कोन बोलनार हाय, ते बगायला आले," आई म्हणाली. "हिचा बाप बोलतो, तिकडं ॲसिड असतं, अंगावर उडंल. आमाला तर त्यातलं काय समजत नाय."

आधी तो प्रश्न विचारायचा राहूनच गेला आणि मी सांगायला बसले. सकाळी गेल्यावर तराजू बरोबर दाखवतोय ना हे आधी बघतात. नमुने येतात, त्यांची नोंद होते. औषधाच्या गोळ्यांची भुकटी करून त्यात औषध जितकं असायला हवं तितकंच आहे का, हे मोजतात. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, आणि जे केलं ते लगेच लिहायचं. लिहिलेलं खोडायचं असेल तर एकच रेघ मारून बाजूला सही करायची, म्हणजे आधीचंही दिसत राहतं. मुलगी ऐकत होती. आई मुलीपेक्षा जास्त ऐकत होती.

"आणि तो सफेद कोट भेटतो का?" आईने विचारलं.

"मिळतो."

"मंग बरा हाय."

मुलीने वहीतून वर बघितलं. "मॅडम, आत्ता पण असंच असतं का? आम्हाला प्रॅक्टिकलला सर बोलले, कंपनीत सगळं मशीनवर होतं."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. मेंटॉरने असं म्हणावं की नाही हे मी आवाहनात लिहिलं नव्हतं. "मी काम सोडून फार वर्षं झाली. आता काय चालतं ते मलाही कोणाकडून तरी शिकायचं आहे. खरं तर मी मेंटी म्हणूनच अर्ज केला होता. त्यांना वाटलं माझी चूक झाली."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. आईने खुर्ची पुढे ओढली.

"मंग तुमाला कोन शिकवनार?"

"कोणी नाही."

"असं कसं? हिला तुमी हाव, तुमाला पन कोनतरी पायजे ना. परत मागा की."

मुलीने मोबाइल काढून आवाहन उघडलं आणि ती ओळ माझ्यासमोर धरली. कोणत्याही वर्षाचा माजी विद्यार्थी. "असं आहे ना मॅडम यात," ती हळूच म्हणाली. लिहिणारी मीच होते हे तिला ठाऊक नव्हतं. तिने ते मला माझा हक्क सांगावा तसं दाखवलं, आणि मला ते तसंच वाटलं.

वाचनालयातून मी सरळ चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानात एक म्हातारे गृहस्थ फ्रेम निवडत होते. सचिव त्यांना आरसा देऊन माझ्याकडे आले.

"माझा हात चुकला नव्हता," मी म्हणाले.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा अगदी उतरला. "अहो, पण तुम्ही आमच्यापेक्षा मोठ्या. औषध कंपनीतली मेंटॉर एकच आहे, ती तुमच्यापेक्षा कितीतरी लहान. तिच्यासमोर तुम्ही वही घेऊन बसणार, ते बरं दिसेल का? तुम्हाला कमीपणा नको म्हणून मी..."

"कमीपणा मला वाटला तर वाटेल. तुम्ही आधीच माझ्या वतीने वाटून घेऊ नका."

हे मी जरा जोरात बोलले असावे, कारण म्हातारे गृहस्थ आरशातून माझ्याकडे बघू लागले. सचिव खाली बसले. भला माणूस आहे तो. माझ्या सासूबाईंच्या चष्म्याची काच बदलायला स्वतः कामोठ्याला घरी आले होते, कारण त्यांना हलवता येत नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला एकच काम करताना पाहिलं होतं, आणि ते काम करणाऱ्या बाईचा त्यांना मान ठेवायचा होता. हे मला कळत होतं. म्हणूनच बोलणं अवघड होतं, आणि म्हणूनच बोलायला हवं होतं.

"मला परत काम करायचंय," मी म्हणाले. मोठ्याने हे मी पहिल्यांदाच म्हणत होते, आणि तेही चष्म्याच्या दुकानात. "ती मुलगी मी सोडणार नाही. तिला लागेल ते मी शिकून सांगीन. पण मला शिकवणारं कोणीतरी द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या मेंटॉरकडे एक जागा आहे अजून," ते म्हणाले. "विचारतो. पण नियम तुमचाच आहे, ताई. ती हो म्हणाली तर."

तो नियम लिहिताना मला फार शहाणपणाचा वाटला होता. आता तो माझ्यावर आल्यावर कळलं की चार ओळींवरून कोणीतरी आपल्याला हो किंवा नाही म्हणणार, हे किती जिव्हारी लागतं. वयाचा उल्लेख त्या चार ओळींत नव्हता, पण उत्तीर्ण झाल्याचं वर्ष होतं, आणि रसायनशास्त्रवाल्यांना वजाबाकी येते. ती नाही म्हणाली असती तर तिला कारण द्यावं लागलं नसतं. मला मात्र ते कारण आयुष्यभर ठाऊक राहिलं असतं. त्या दिवसांत मी फोन उशाशी घेऊन झोपत होते. नवऱ्याने विचारलं तेव्हा शेवटी त्यालाही सांगून टाकलं. त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा त्याने केला. चहात साखर नव्हती, पण मी पिऊन टाकला.

सचिवांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

"त्या हो म्हणाल्या," ते म्हणाले. "फक्त एक विचारलंय. आवाहनात लिहिलंय की दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारावी. तुम्हाला नावाने हाक मारायला त्यांना जमणार नाही म्हणतात. ताई म्हटलं तर चालेल का?"

मी म्हटलं, चालेल. काहीही म्हटलं तरी चालेल.

शनिवारी दुपारी मी वाचनालयात वेळेच्या आधी पोहोचले. ती धावतपळत आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच राहिलेलं, ते तिने घाईने काढून पर्समध्ये टाकलं. पस्तिशीची असेल. माझ्यासाठी खुर्ची ओढली, मी बसेपर्यंत स्वतः उभी राहिली. मेंटॉरने मेंटीसाठी उभं राहायचं हेही आवाहनात कुठे नव्हतं. दोघी थोड्या अवघडलो. मला वाटलं, आता ही स्वतःबद्दल सांगायला लागेल, म्हणजे मला ऐकता येईल. ऐकायची मला सवय आहे.

पण तिने फोन पालथा करून ठेवला आणि विचारलं, "ताई, सहा महिन्यांनी तुमच्या दिवसात काय वेगळं असावं असं तुम्हाला वाटतं?"

प्रश्न माझाच होता. शब्दन् शब्द मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलेला. तो लिहिताना मी विशीतल्या मुलामुलींचा विचार केला होता, त्यांना काय उत्तरं सुचतील त्याचा. आपल्याला कोणी हा विचारेल तेव्हा आपण काय सांगू, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. औषधं दिली का, डबा भरला का, गॅस लावलास का, हे प्रश्न मला अनेक वर्षं विचारले जात होते आणि त्यांची उत्तरं मला पाठ होती. या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर डोळे भरून आले. मी ओशाळले.

ती थांबली. उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं, असं त्या कागदावर लिहिलं होतं आणि ती लिहिल्याप्रमाणे वागत होती. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली, घड्याळाकडे बघितलं नाही.

"सकाळी कुठेतरी निघायचंय," मी शेवटी म्हणाले. "लहान प्रयोगशाळा असली तरी चालेल, पाणी तपासणारी असली तरी चालेल. हाताखाली काम करीन. नवीन यंत्रं शिकीन. ओव्याच्या एका मुलीला सांगायचंय की आता तिथे काय काय असतं."

तिने ते सगळं लिहून घेतलं. खाली एक रेघ ओढली आणि रेघेखाली पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं ते लिहायला लागली. यंत्रं हाताळायचा छोटा अभ्यासक्रम, मग माझा बायोडेटा नव्याने लिहून काढायचा, मग पाणी आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा बघायच्या. मोठ्या कंपनीत लगेच घेतील असं वाटत नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं, आणि तिच्या स्पष्टपणाने मला बरं वाटलं.

"प्रॅक्टिकलला कोट लागेल, ताई," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तुमचा जुना आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "पण त्याला बाह्या नाहीत. नवीन घ्यावा लागेल."